हिवताप स्लाइड रजिस्टर: आठवड्याचे पीएफ-पीव्ही आकडे का जुळत नाहीत आणि ते कसे जुळवायचे

पावसाळा लागला की ही अडचण दर सोमवारी डोकं वर काढते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेतलं रजिस्टर एकच असतं, पण त्यावरून मागच्या आठवड्याचे दूषित रुग्ण तंत्रज्ञाने मोजले तर एक आकडा येतो, आरोग्य सहायकाने मोजले तर दुसरा आणि तालुक्याला गेलेल्या अहवालात तिसराच असतो. महिनाअखेरीला चार आठवड्यांची बेरीज मासिक अहवालाशीही बसत नाही. मग कोणीतरी आकडा ‘बसवून’ देतो, आणि पुढच्या सोमवारी तीच कटकट पुन्हा सुरू होते.

मी गडचिरोलीच्या जंगलपट्टीत प्रयोगशाळेचं काम करतो. इथे हे आकडे कागदापुरते राहत नाहीत. कोणत्या गावात पीएफ वाढतोय यावर फवारणीचं पथक कुठे जाईल आणि औषधांचा साठा कोणत्या उपकेंद्रात ठेवायचा हे ठरतं. आकडे न जुळण्यामागे बहुतेक वेळा तीनच कारणं असतात: तारीख कोणती धरली, एकाच माणसाच्या दोन ओळी कशा मोजल्या, आणि ‘मिक्स’ कुठे टाकला. एक्सेलच्या चुका यांच्यावर वरून बसतात. म्हणून आधी ही तीन कारणं बघू आणि सूत्रांकडे नंतर येऊ.

आधी नोंदी बघा

खाली नमुन्यादाखल काही ओळी मांडल्या आहेत. त्या खऱ्या रुग्णांच्या नाहीत, पण रजिस्टरचं पान साधारण असंच दिसतं. फक्त दूषित ओळी घेतल्या आहेत, आणि नावाऐवजी अक्षर दिलं आहे.

| प्रयोगशाळा क्र. | व्यक्ती | रक्त घेतल्याची तारीख | तपासणीची तारीख | निकाल | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| ४११ | क | ११ ऑगस्ट २०२५ | १९ ऑगस्ट | Pf R | |
| ४१२ | ख | १२ ऑगस्ट | १९ ऑगस्ट | Pv | |
| ४१३ | ग | १४ ऑगस्ट | १९ ऑगस्ट | Pf R | |
| ४१४ | घ | १३ ऑगस्ट | १९ ऑगस्ट | Mix | |
| ४२७ | च | १८ ऑगस्ट | २० ऑगस्ट | Pf RG | |
| ४३१ | छ | १९ ऑगस्ट | २० ऑगस्ट | Pv | |
| ४३६ | क | १८ ऑगस्ट | २१ ऑगस्ट | Pf G | फॉलोअप |
| ४४० | छ | २१ ऑगस्ट | २२ ऑगस्ट | Pv | ओपीडी |
| ४४४ | ज | २२ ऑगस्ट | २३ ऑगस्ट | Pf R | |

तपासणीची तारीख धरून १८ ते २४ ऑगस्टचा आठवडा मोजला तर नऊ दूषित येतात: पीएफ पाच, पीव्ही तीन, मिक्स एक. ज्याने मिक्स दोन्हीकडे धरला त्याचे पीएफ सहा आणि पीव्ही चार, म्हणजे दहा होतात. खरं उत्तर मात्र या आठवड्यासाठी तीन आहे आणि त्याच्या आदल्या आठवड्यासाठी चार. हे कसं, ते एकेक करून पाहू.

तारीख: रक्त घेतलं तो दिवस धरा

पहिल्या चार ओळी बघा. रक्त ११ ते १४ ऑगस्टच्या दरम्यान घेतलं आहे, पण चारही स्लाइड १९ तारखेला एकदमच तपासल्या गेल्या. भामरागडकडे पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडच्या गावांतून काहीच येत नाही. आशाताईंनी काढलेल्या काचपट्ट्या उपकेंद्रातच अडकतात आणि पाणी ओसरलं की गठ्ठ्याने येतात. तपासणीची तारीख धरली तर पुराच्या आठवड्यात हिवताप ‘कमी’ दिसतो आणि रस्ता मोकळा झाल्यावर एकदम ‘उद्रेक’ दिसतो. दोन्ही खोटं आहे. माणसं तापाने फणफणली होती ती आदल्याच आठवड्यात.

म्हणून रोगाचा कल बघायचा असेल तर रक्त घेतल्याची तारीख धरायची. ताप कधी आला ती तारीख आणखी चांगली, पण ती सहसा या रजिस्टरात नसते. तपासणीची तारीखही टाकून देऊ नका. प्रयोगशाळेवर किती भार पडला आणि स्लाइड किती दिवस पडून राहिली हे तिच्यावरूनच कळतं. वरचा अहवाल तपासणीच्या तारखेनुसारच मागत असतील तर तोही द्या, पण तक्त्याच्या डोक्यावर कोणती तारीख धरली ते ठळक लिहा. तीन आकड्यांचा अर्धा घोळ ही एक ओळ न लिहिल्यामुळे होतो.

याला एक किंमत आहे. उशिरा आलेल्या स्लाइड मागच्या आठवड्यात जाऊन बसतात, त्यामुळे जुना आकडा बदलतो. वर चार स्लाइड १९ तारखेला तपासल्या, म्हणजे ११ ते १७ ऑगस्टचा आकडा १८ तारखेला कळवताना शून्य गेला असणार. तो खोडू नका. तक्त्यात ‘कळवलेला’ आणि ‘सुधारित’ असे दोन रकाने ठेवा. आणि पावसाळ्यात सगळ्यात ताजे दोन आठवडे नेहमी अपुरे समजा. तिथे आकडा खाली दिसला म्हणून हिवताप उतरला असं कोणी म्हणू लागलं तर त्याला थांबवा.

ओळ म्हणजे स्लाइड, रुग्ण नव्हे

रजिस्टरातली एक ओळ म्हणजे एक काचपट्टी. आपल्याला मात्र दूषित झालेली माणसं मोजायची आहेत. बहुतेक ओळींत हे एकच असतं म्हणून फरक लक्षात येत नाही.

‘क’ या व्यक्तीच्या दोन ओळी आहेत. पहिली ११ ऑगस्टची, पीएफच्या रिंग दिसलेली. उपचार सुरू झाले आणि सातव्या दिवशी, म्हणजे १८ ऑगस्टला, पाहणीसाठी पुन्हा रक्त घेतलं. त्यात फक्त गॅमेटोसाइट, म्हणजे चंद्रकोरीसारखी रूपं दिसली. पीएफच्या चंद्रकोरी उपचारानंतरही काही दिवस रक्तात रेंगाळतात, कारण रिंग मारणारी औषधं पक्व गॅमेटोसाइटवर तितकी चालत नाहीत. त्यासाठीच प्रायमाक्विनची मात्रा द्यावी लागते. तेव्हा ४३६ ही ओळ नवा रुग्ण नाही. ती रजिस्टरात राहील, मोजणीत येणार नाही.

पण यावरून ‘Pf G’ दिसलं की वगळा असा नियम करू नका. मागे कधीच तपासणी न झालेल्या माणसाच्या पहिल्याच स्लाइडमध्ये फक्त चंद्रकोरी दिसू शकतात. तो माणूस अंगावर ताप काढत आठवडाभर शेतावर जात राहिलेला असतो. तो नवाच रुग्ण आहे आणि डासाला संसर्ग देणाराही तोच आहे. त्यामुळे वगळायचं की नाही हे निकालावरून नाही, त्या व्यक्तीची आधीची दूषित नोंद आहे की नाही यावरून ठरवा.

‘छ’ची गोष्ट वेगळी. १९ तारखेला आशाताईंनी गावात स्लाइड काढली, निकाल गावात पोहोचायच्या आत घरच्यांनी माणसाला केंद्रात आणलं आणि ओपीडीत दुसरी स्लाइड निघाली. दोन्ही खऱ्या आणि दोन्ही दूषित, पण ताप एकच. पहिली मोजा, दुसरीला ‘दुबार’ खूण करा.

किती दिवसांच्या आतली दुसरी दूषित स्लाइड जुन्याच आजाराची मानायची? मी २८ दिवस धरतो, पण आपोआप वगळत नाही, फक्त खूण करतो. उपचार पूर्ण झालेल्या माणसात त्याच मुदतीत तापासह पुन्हा रिंग दिसल्या तर ते दुबारपण नाही. औषध पोटात गेलं का, उलटी झाली का, की उपचारच लागू पडला नाही, हा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे आणि तो त्याच दिवशी त्यांच्या कानावर गेला पाहिजे. पीव्हीचा रुग्ण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दूषित आला तर तो नव्याने मोजा. पीव्हीचे परजीवी यकृतात दबून राहतात आणि पुन्हा उठतात, आणि चौदा दिवसांचं प्रायमाक्विन अर्ध्यावर सुटलं तर हे होण्याची शक्यता वाढते.

दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखणं इकडे सोपं नाही. एका पाड्यावर अर्धी घरं मडावी नाही तर आत्राम. माडिया नाव मराठीत लिहिताना एका आशाताईची वेलांटी पहिली, दुसरीची दुसरी. नुसत्या नावावर भरवसा ठेवला तर एकाच माणसाची दोन माणसं होतात, किंवा दोन भावांचा एक माणूस होतो. गाव, कुटुंबप्रमुखाचं नाव, वय आणि लिंग एकत्र बघा, आणि शंका राहिली तर आशाताईंना फोन करा. त्यांना घर न् घर पाठ असतं. संगणकाच्या फाइलमध्ये मात्र नाव घेऊ नका, प्रयोगशाळा क्रमांक आणि वर्ष एवढंच पुरेसं आहे. ती फाइल पुढे कोणाकोणाच्या मोबाइलवर फिरेल सांगता येत नाही.

इथेच रॅपिड किटचाही प्रश्न येतो. किटवर दूषित आलेल्याची स्लाइडही निघाली असेल तर माणूस एकदाच मोजा, आणि स्लाइड वाचण्याजोगी असेल तर प्रजाती स्लाइडवरून घ्या. नुसत्या किटवर सापडलेले रुग्ण वेगळ्या रकान्यात ठेवा, स्लाइडच्या आकड्यात मिसळू नका. उपचारानंतरच्या पाहणीला तर किट वापरूच नये. पीएफची रेघ ज्या प्रथिनामुळे उमटते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, आणि बरा झालेला माणूस पुन्हा दूषित दिसतो.

मिक्स हा वेगळा रकाना

‘घ’च्या रक्तात पीएफ आणि पीव्ही दोन्ही आहेत, पण माणूस एक आहे. पीएफ, पीव्ही, मिक्स असे तीन वेगळे रकाने ठेवले की बेरीज माणसांची राहते. काही तक्त्यांत मिक्स पीएफमध्ये धरून मागतात. तसं मागितलं तर शेवटी पीएफ अधिक मिक्स अशी बेरीज करून द्या, पण मूळ फाइलीत ते एक करू नका. एकदा मिसळलं की पुन्हा वेगळं काढायला रजिस्टरचं पान उघडावं लागतं.

आता वरची ओळ न् ओळ लावून बघा. ११ ते १७ ऑगस्टच्या आठवड्यात ४११, ४१२, ४१३, ४१४ बसतात: पीएफ दोन, पीव्ही एक, मिक्स एक. १८ ते २४ ऑगस्टमध्ये ४२७, ४३१, ४४४: पीएफ दोन, पीव्ही एक. चार आणि तीन मिळून सात. ४३६ फॉलोअप आणि ४४० दुबार धरले की नऊच्या नऊ ओळींचा हिशेब लागला.

एक्सेलमध्ये कुठे घसरतं

सगळ्यात जास्त नुकसान तारीख करते, आणि तेही गुपचूप. संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी असेल, म्हणजे महिना आधी, तर तुम्ही पाच ऑगस्टसाठी `05/08/2025` टंकलं की एक्सेल आठ मे समजतं. काहीही तक्रार न करता. तेरा ऑगस्ट टंकलं की तेरावा महिना नसतो, म्हणून ते तारीख न मानता मजकूर मानतं. ओळखायची खूण सोपी आहे: महिन्याच्या तेरा तारखेपासूनच्या नोंदी रकान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसतात, आणि एक ते बारा तारखेच्या नोंदी उजवीकडे, पण भलत्याच महिन्यांत विखुरलेल्या असतात. डिसेंबरमधला हिवताप ऑगस्टमध्येच दिसायला लागला तर आधी हेच बघा. संगणकाची मांडणी बदलून पुढच्या नोंदी सुधारतात, आधीच उलटलेल्या नाहीत. त्या रजिस्टर समोर ठेवूनच दुरुस्त कराव्या लागतात. मी आता `2025-08-05` असंच टंकतो, त्यात उलटायला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट, रजिस्टरात वरच्यासारखीच तारीख असली की आपण दोन तिरक्या रेघा ओढतो. टंकणारा त्या तशाच टाकतो किंवा जागा रिकामी सोडतो. फाइलीत प्रत्येक ओळीत तारीख पूर्ण लिहिलेली हवी.

आता नोंदींच्या शीटला `Data` नाव द्या आणि तिचे रकाने असे धरा: `A` प्रयोगशाळा क्रमांक, `B` रक्त घेतल्याची तारीख, `C` तपासणीची तारीख, `D` रजिस्टरात जसा आहे तसा निकाल, `E` ओळीचा प्रकार. `E` मध्ये नव्यासाठी `N`, फॉलोअपला `F`, दुबारला `D`. मराठीत ‘नवीन’ लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं, पण कोणी ‘नविन’ टंकलं की ती ओळ मोजणीतून गळते. `F` रकान्यात त्या आठवड्याचा सोमवार काढा:

```
=IF(ISNUMBER(B2),B2-WEEKDAY(B2,2)+1,"CHECK")
```

आठवडा सोमवार ते रविवार धरायचा. आठवड्याच्या क्रमांकावर मी मोजणी करत नाही, सोमवारच्या तारखेवर करतो. कारण `WEEKNUM` तसंच वापरलं तर ते आठवडा रविवारी सुरू करतं, आणि `ISOWEEKNUM` वापरलं तर २९ डिसेंबर २०२५ हा सोमवार २०२६ च्या पहिल्या आठवड्यात जातो. वर्षअखेरीला दोन वर्षांचा पहिला आठवडा एकमेकांत मिसळतो. सोमवारच्या तारखेला हा त्रास नाही. क्रमांक मागितलाच तर शेवटी बाजूला लिहा.

प्रजातीसाठी `Map` नावाची वेगळी शीट करा. तिच्या पहिल्या रकान्यात रजिस्टरात येणारी सगळी रूपं लिहा, जसं `Pf R`, `PfR`, `Pf G`, `Pf RG`, `Pv`, `Mix`, `Pf+Pv`, `NEG`. आणि दुसऱ्यात त्यांचा अर्थ, `Pf`, `Pv`, `Mix` किंवा `NEG`. मग `G` रकान्यात:

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(D2),Map!A:B,2,FALSE),"CHECK")
```

बरेच जण हा टप्पा गाळून थेट `COUNTIF` मध्ये `"*Pf*"` घालतात. ते `Pf+Pv` लाही पीएफ मोजतं, `"*Pv*"` ही त्यालाच पीव्ही मोजतं, आणि `Mix` लिहिलेली ओळ दोन्हीकडून सुटते. मिक्स `Pf+Pv` असा लिहिला असेल तर नऊ ओळींतून दहा येतात, `Mix` असा लिहिला असेल तर आठ. `TRIM` मुळे मागेपुढे राहिलेली मोकळी जागा जाते. ओळखीचं नसलेलं काहीही `CHECK` मध्ये पडतं, निगेटिव्हमध्ये नाही, हे फार महत्त्वाचं. रिकामा निकाल म्हणजे निगेटिव्ह नव्हे. ती स्लाइड अजून तपासायची असू शकते.

इथे एक छुपा खड्डा आहे. शंकास्पद निकाल कोणी `Pf?` असा टंकला तर `VLOOKUP` त्या प्रश्नचिन्हाला ‘कोणतंही एक अक्षर’ समजतं, `Map` मधल्या `PfR` शी जुळवून टाकतं आणि शंका थेट पक्का पीएफ होऊन बसते. शंका असेल तर प्रश्नचिन्ह न टाकता `DOUBT` असं लिहा, म्हणजे ते `CHECK` मध्येच राहील.

मोजणीच्या शीटवर `A` मध्ये सोमवार, पहिल्या ओळीत `Pf`, `Pv`, `Mix`, आणि प्रत्येक चौकटीत:

```
=COUNTIFS(Data!$F:$F,$A2,Data!$G:$G,B$1,Data!$E:$E,"N")
```

शेवटी जुळणी करा, ती चुकवू नका. नवे पीएफ, पीव्ही, मिक्स, निगेटिव्ह, फॉलोअप, दुबार आणि `CHECK`, यांची बेरीज फाइलीतल्या एकूण ओळींइतकी आली पाहिजे, आणि रजिस्टरातल्या शेवटच्या प्रयोगशाळा क्रमांकातून पहिला वजा करून एक मिळवला की जी संख्या येते तितक्याच त्या ओळी हव्यात. एकाने जरी कमी आली तर एखादं पान उलटताना ओळ सुटली आहे. एकच ओळ दोन गटांत येऊ नये म्हणून फॉलोअप आणि दुबार आधी बाजूला काढा, मग उरलेल्या ओळी प्रजातीनुसार मोजा.

मासिक अहवालाशी आठवड्यांची बेरीज जुळत नाही याचं कारण बऱ्याचदा चूक नसतेच. २८ जुलै ते ३ ऑगस्ट २०२५ हा आठवडा दोन महिन्यांत पाय ठेवून आहे. महिन्याचा आकडा आठवडे जोडून काढूच नका, त्याच `B` रकान्यातल्या तारखांवरून स्वतंत्र काढा.

CHECK मध्ये अडकलेल्या ओळींचं काय

यात दोन प्रकार येतात. एक, प्रजाती न ठरलेल्या. जाड लेपात परजीवी सापडतात लवकर, पण थोड्याच कोवळ्या रिंग दिसत असतील तर पीएफ की पीव्ही हे त्यावरून सांगणं कठीण जातं. त्याच काचेवरचा पातळ लेप बघावा लागतो, कारण तिथे तांबड्या पेशी शाबूत असतात आणि पेशी फुगली आहे का, तिच्यात एकाहून जास्त रिंग आहेत का, हे दिसतं. पातळ लेप बिघडलेला असेल तर स्लाइड फेरतपासणीला पाठवा आणि ओळ `CHECK` मध्येच राहू द्या. पीव्हीच जास्त सापडतात म्हणून तिला पीव्ही करू नका. फेरतपासणीचा निकाल वेगळा आला तर जुना पुसू नका. शेवटी `H` रकाना करून त्यात अंतिम निकाल लिहा, आणि `G` च्या सूत्रात `D2` च्या जागी `H2` घ्या. ज्या ओळीत काही बदललं नाही तिथे `H` मध्ये `D` चाच निकाल उतरवा.

दुसरा प्रकार, रक्त घेतल्याची तारीख नसलेल्या ओळी. अंदाजाने तारीख भरू नका. स्लाइडसोबत आलेल्या मागणीपत्रावर ती असते, आणि नसली तर आशाताईंच्या तापरुग्णांच्या नोंदीत सापडते. तिथेही नसेल तर ती ओळ कोणत्याच आठवड्यात टाकू नका. तक्त्याखाली ‘तारीख नसलेले दूषित’ म्हणून प्रजातीनुसार वेगळे लिहा. त्यात एकाच उपकेंद्राच्या ओळी वारंवार दिसू लागल्या तर पुढच्या बैठकीत तिथल्या आरोग्य सेवकांशी बोलून मागणीपत्र भरण्याची पद्धत दुरुस्त करून घ्या.